बाळाची हालचाल मंदावली तर: मोजायचं कशासाठी, फोन करायचा कधी

नेदरलँड्समध्ये पहिलटकरीण असलेल्या मराठी मुलीला सातवा महिना लागला की दोन दिशांनी दोन वेगळे सल्ले मिळू लागतात. पुण्या-नाशिकहून आई सांगते, रोज जेवल्यावर डाव्या कुशीवर पड आणि बाळाच्या लाथा मोजून वहीत लिहून ठेव. भारतातले अनेक प्रसूतितज्ज्ञ तसा छापील तक्ताच हातात देतात: सकाळ, दुपार, संध्याकाळ एकेक तास मोजायचं आणि तासाला निदान तीन हालचाली जाणवायला हव्यात. आइंडहोव्हन किंवा आम्स्टलवेनमधली मिडवाइफ मात्र तक्ता देत नाही. ती म्हणते, रोज मोजत बसू नका. तुमचं बाळ एरवी कसं हलतं ते ओळखून ठेवा आणि त्यात बदल वाटला तर आम्हाला लगेच कळवा. मुलीला वाटतं की इथले लोक सगळंच सैल सोडतात, आणि आईला वाटतं की मुलगी हयगय करतेय. माझ्या मते आजवरचा पुरावा पाहता मिडवाइफचा सल्ला अधिक बरोबर आहे. पण त्यातला ‘मोजू नका’ एवढाच अर्धा भाग लक्षात राहतो आणि ‘लगेच कळवा’ हा खरा महत्त्वाचा अर्धा भाग मागे पडतो. मोजणीचा उपयोग शंका फेडून घेण्यापुरता आहे. फोन करण्याचा हक्क मिळवण्यासाठी आधी ती पार करावी लागते, असं मात्र मुळीच नाही.

आधी हे पाहू की बाळ कमी हलतं म्हणजे आत काय होत असतं. बाळाला प्राणवायू आणि अन्न मिळतं ते वारेतून. वार नीट काम करेनाशी झाली, तिच्या रक्तवाहिन्या अरुंद राहिल्या किंवा तिचा काही भाग निकामी झाला, की पुरवठा हळूहळू घटतो. घरात पैशाची ओढाताण सुरू झाली की आधी बाहेरचं फिरणं थांबतं आणि किराणा-औषधं शेवटपर्यंत चालू राहतात. बाळाचं शरीर नेमकं तसंच वागतं. मेंदू आणि हृदय यांचा रक्तपुरवठा ते राखून ठेवतं आणि हातपाय हलवण्यावरचा खर्च कमी करतं. त्यामुळे अशा बाळाची वाढही बहुधा मंदावलेली असते. हे एका रात्रीत घडत नाही; पुष्कळदा त्याला दिवस, कधी आठवडे लागतात. बाळ गमावलेल्या मातांना मागाहून विचारलं, तर त्यांतल्या जवळजवळ निम्म्या सांगतात की आधीच्या काही दिवसांत हालचाल कमी झाली होती. म्हणजे पुष्कळ वेळा इशारा मिळतो आणि हाताशी थोडा अवधीही असतो. पण सगळ्याच वेळा तो मिळत नाही. वार अचानक सुटली किंवा नाळेवर एकाएकी दाब आला, तर मंदावण्याची पायरीच येत नाही. तिथे कितीही दक्ष आईला आधी काही कळू शकत नाही, आणि तशा घटनेचा दोष तिनं स्वतःकडे घेण्याचं कारणही नाही.

दुसऱ्या बाजूनं हेही खरं की हालचाल कमी वाटली म्हणून आलेल्या बहुतेक बायकांची बाळं सुखरूप निघतात. शेवटच्या तीन महिन्यांत शंभरातल्या पाच ते पंधरा जणी कधी ना कधी अशी तक्रार घेऊन येतात, आणि त्यांतल्या फार थोड्यांच्या बाबतीत खरोखर काही बिघडलेलं असतं. बाळ झोपतं. त्याची झोप साधारण वीस ते चाळीस मिनिटांची असते, क्वचित दीड तासापर्यंत लांबते. आई दिवसभर चालत-उभी असेल किंवा एकामागून एक मीटिंगमध्ये अडकली असेल, तर हालचाली होऊनही तिच्या ध्यानात येत नाहीत. वार गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीवर असेल तर सुरुवातीच्या महिन्यांत लाथा दबून जाणवतात. मुदतपूर्व प्रसूतीच्या भीतीनं बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली असतील, तर पुढचे एक-दोन दिवस बाळ थोडं शांत राहू शकतं. झोपेच्या किंवा गुंगीच्या औषधांनीही तसं होतं. अडचण एवढीच की निरुपद्रवी शांतता आणि धोक्याची शांतता यांतला फरक पोटावर हात ठेवून कळत नाही. तो कळायला बाळाच्या हृदयाचे ठोके काही वेळ सलग नोंदवावे लागतात, आणि ते काम घरी होत नाही.

मग आकडा कुठून आला? ब्रिटनमध्ये कार्डिफच्या डॉक्टरांनी 1976 मध्ये ‘दहापर्यंत मोजा’ ही पद्धत मांडली. सकाळपासून मोजायला लागायचं, दहावी हालचाल किती वाजता झाली ते लिहायचं, आणि बारा तासांत दहा झाल्या नाहीत तर दवाखाना गाठायचा. पद्धत सोपी होती, तक्ता छापणं स्वस्त होतं, आणि ती जगभर पसरली. पण बारा तास हा फार मोठा अवधी आहे. ज्या बाळाच्या दहा हालचाली एरवी पाऊण तासात होतात, त्याला एके दिवशी त्याच दहांना नऊ तास लागले, तर काहीतरी नक्की बदललं आहे. तक्ता मात्र ‘ठीक’ म्हणतो. पुढे 1989 मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोच्या डॉक्टरांनी वेगळी रीत वापरली: आईनं निवांत पडून लक्ष द्यायचं आणि दहा हालचालींना किती वेळ लागतो ते पाहायचं. तिथे सरासरी वेळ निघाला अवघी वीस-एकवीस मिनिटं. त्यावरूनच ‘दोन तासांत दहा’ हा आजचा नियम आला. याचा अर्थ असा की दोन तास ही आधीच भरपूर सवलत देऊन आखलेली मर्यादा आहे. निरोगी बाळाला नेहमी तेवढा वेळ लागतो, असा तिचा अर्थ होत नाही.

रोजच्या मोजणीनं बाळं वाचतात का, याची मोठी परीक्षाही 1989 मध्येच प्रसिद्ध झाली. अडुसष्ट हजारांहून अधिक गर्भवतींच्या त्या चाचणीत निम्म्या गटांतल्या बायकांना रोज मोजायला सांगितलं आणि उरलेल्यांना नेहमीचीच काळजी घ्यायला सांगितलं. मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडला नाही. डच मिडवाइफांची संघटना केएनओव्ही आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना एनव्हीओजी रोजच्या मोजणीची शिफारस करत नाहीत, त्यामागे असाच पुरावा आहे. काही जण या निष्कर्षावरून लगेच म्हणतात की मग हालचालींकडे लक्ष देण्यातही अर्थ नाही. इथे तर्क घसरतो. त्या चाचणीतल्या मृत्यूंचा बारकाईनं अभ्यास केल्यावर दिसलं की काही माता बाळ जिवंत असतानाच तक्रार घेऊन पोचल्या होत्या. पुढे तपासणीनं खोटा दिलासा दिला किंवा डॉक्टरांचा निर्णय चुकला, आणि बाळ गेलं. म्हणजे आईचं काम झालं होतं, साखळी तुटली ती नंतर. शिवाय न मोजणाऱ्या गटातल्या बायकाही हालचाल थांबल्यावर येतच होत्या. तक्ता असो वा नसो, बाई बदल ओळखते. त्या चाचणीनं तक्त्याचं तोकडेपण दाखवलं; आईच्या जाणिवेचं मोल तिनं मोजलंच नव्हतं.

आता हे प्रत्यक्षात कसं करायचं ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. समजा, आइंडहोव्हनमध्ये नोकरी करणारी एक मुलगी 33 आठवड्यांची गर्भवती आहे. तिचं बाळ दुपारी जेवणानंतर आणि रात्री दहाच्या सुमाराला चांगलं लोळतं, उजव्या बरगडीखाली पाय मारतं. सकाळी बहुधा शांत असतं. ही माहिती तिला वहीतून मिळालेली नाही, आठव्या महिन्यापर्यंत ती आपोआप अंगवळणी पडलेली आहे. एका मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला घरी आल्यावर तिच्या ध्यानात येतं की दुपारी बाळ नेहमीसारखं हललेलं आठवत नाही. सकाळी ट्रेनमध्ये दोन-तीनदा जाणवलं होतं, पुढचं नीटसं सांगता येत नाही. ही खरी शंका झाली. ती लघवीला जाऊन येते, पाणी पिते, डाव्या कुशीवर पडते, फोन आवाज बंद करून बाजूला ठेवते आणि घड्याळ पाहते: सहा चाळीस. आता लाथ, ठोसा, कुशी बदलणं, अंग ताणणं, पोटात काहीतरी सरकल्यासारखं होणं, हे प्रत्येक एक धरायचं. एक सलग लोळण म्हणजे एकच. बाळाला लागलेल्या उचकीचे तालबद्ध झटके मात्र धरायचे नाहीत, कारण ते बाळ आपणहून हलल्यामुळे होत नाहीत.

इथून पुढे चार शक्यता आहेत आणि त्या वेगवेगळ्या समजून घेतल्या पाहिजेत. पहिली: सहा बावन्नला एक लाथ, मग लागोपाठ तीन, आणि सात पंचवीसपर्यंत दहा झाल्या, नेहमीच्याच जोरानं. तिची शंका फिटली, ती जेवायला उठू शकते; रात्री दहाला बाळ ठरल्याप्रमाणे जागं होतं का तेवढं पाहायचं. दुसरी: आठ वाजत आले तरी चारच, त्याही लांब लांब अंतरानं. आता आठ चाळीस होण्याची वाट पाहण्यात काही अर्थ नाही. दोन तास ही मर्यादा आहे. ते पुरे भरलेच पाहिजेत असं कुणी सांगितलेलं नाही. पडून, मन लावून, सव्वा तासात चार, हे या बाळाच्या रीतीला धरून नाही. फोन करायचा. तिसरी शक्यता सगळ्यांत जास्त फसवते: दहा झाल्या, पण सगळ्या अगदी हलक्या, पाय मारण्याऐवजी नुसती कुजबुजल्यासारखी चुळबुळ. आकडा पूर्ण झाला आणि तरी तिला काहीतरी बरोबर वाटत नाही. इथेही फोनच करायचा, कारण आकडा जोर मोजत नाही आणि ती मोजते. चौथी शक्यता या उदाहरणापलीकडची: सकाळपासून काहीच जाणवलेलं नाही. मग पडून मोजायचंच नाही. दोन तास झोपून पाहणं हा ‘कमी झालंय का’ या शंकेवरचा उपाय आहे. ‘अजिबात नाही’ यावर एकच उत्तर आहे: आत्ता, रात्रीचे तीन वाजले असले तरी. हालचाल कमी होण्याबरोबर रक्त जात असेल, हिरवट किंवा तपकिरी पाणी जात असेल, पोट सतत दुखून दगडासारखं घट्ट राहत असेल, तरीही मोजत बसायचं नाही.

हा दोन तासांचा नियम साधारण 28 आठवड्यांनंतरचा आहे. त्याआधी बाळ लहान असतं, त्याचा दिनक्रम बसलेला नसतो, आणि तासाचा आकडा लावण्यात अर्थ नसतो. पण 24 आठवडे झाले आणि एकदाही हालचाल जाणवलेली नसेल, तर मिडवाइफला सांगायचं. चोवीस ते अठ्ठावीसच्या दरम्यान जाणवत असलेली हालचाल मंदावली तरीही सांगायचं. त्या टप्प्यावर ती बहुधा आधी बाळाचे ठोके ऐकते आणि वाढ पाहते.

सर्वांत हट्टी गैरसमज शेवटच्या महिन्याचा आहे. दिवस भरत आले की बाळाला जागा पुरत नाही, ते खाली उतरतं, शांत होतं, असं घरोघरी मोठ्या आत्मविश्वासानं सांगितलं जातं. काही वेळा दवाखान्यातही. यात सत्याचा एक लहानसा तुकडा आहे: जागा कमी झाल्यामुळे मोठ्या कोलांट्या थांबतात आणि ताणणं, ढकलणं, लोळणं यांचं प्रमाण वाढतं. हालचालीची तऱ्हा बदलते. संख्या मात्र साधारण 32 आठवड्यांपर्यंत वाढून तिथे स्थिरावते आणि प्रसूतीपर्यंत तशीच राहते, कळा सुरू झाल्यावरही बाळ हलत राहतं. निरोगी बाळ नवव्या महिन्यात गप्प होत नाही. जागा पुरत नाही या स्पष्टीकरणाचा तोटा असा की ते धोक्याच्या शांततेलाही तितकंच चपखल बसतं. 38 आठवड्यांची बाई दोन दिवस शांत राहिलेल्या बाळाबद्दल बोलते आणि समोरची व्यक्ती तिला मायेनं धीर देते. त्या मायेत दोन दिवसांचे तीन होतात. थंड पाणी किंवा गोड खाऊन पाहा, हा सल्लाही याच जातीचा आहे. साखरेनं बाळाची हालचाल वाढते याला भक्कम आधार नाही. पाणी पिऊन कुशीवर पडण्यात नुकसान नाही, पण आधी सरबत, मग जेवण, मग थोडं चालून बघू, अशी उतरंड रचली की संध्याकाळची रात्र होते. ऑनलाइन मिळणारं ठोके ऐकण्याचं घरगुती यंत्र तर याहून वाईट. त्यात आईच्या स्वतःच्या रक्तवाहिनीचे किंवा वारेतल्या रक्तप्रवाहाचे आवाजही येतात आणि ते बाळाचे समजले जातात. आणि ठोके खरोखर बाळाचेच असले तरी ते ‘आत्ता हृदय चालू आहे’ एवढंच सांगतात. त्रासात असलेल्या बाळाचं हृदयही शेवटपर्यंत चालूच असतं.

इतकं सांगितल्यावर एक गंभीर आक्षेप उरतो आणि तो टाळून चालणार नाही. बायकांना असं सावध केलं तर त्या घाबरतील, फेऱ्या वाढतील, कळा आणण्याची औषधं आणि सिझेरियन वाढतील, आणि फायदा मात्र दिसणार नाही. हा आक्षेप हवेतला नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या 33 रुग्णालयांत झालेली ‘अफर्म’ नावाची चाचणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. चार लाखांवर गर्भारपणांचा तिचा आवाका होता. मातांमध्ये जागरूकता वाढवणं आणि तक्रार आल्यावर ठरलेल्या क्रमानं तपासणी व प्रसूती करणं, असा तो कार्यक्रम होता. मृत जन्मांचं प्रमाण हजारी 4.40 वरून 4.06 वर आलं, पण हा फरक योगायोगाचाही असू शकतो इतका लहान होता. सिझेरियन मात्र 25.5 टक्क्यांवरून 28.4 टक्क्यांवर गेले. डच प्रसूतिसेवा मुळातच ढवळाढवळ कमी करण्यावर उभी आहे. धोका नसलेलं गर्भारपण तिथे रुग्णालयाबाहेर स्वतंत्र मिडवाइफ सांभाळते आणि घरी बाळंत होणं आजही अनेकींची निवड असते. अशा व्यवस्थेला हे आकडे खुपणारच.

पण आकडे काय सांगतात ते नीट वाचायला हवं. अफर्ममध्ये दोन गोष्टी एकत्र होत्या: आईचं लक्ष आणि त्यानंतरची वैद्यकीय कृती. सिझेरियनची संख्या कृतीच्या निर्णयांतून वाढते. आईच्या लक्ष देण्यातून ती आपोआप वाढत नाही. हे वेगळं करून दाखवणारा अभ्यास स्वीडनमध्ये, स्टॉकहोमला झाला आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. जवळपास चाळीस हजार बायकांच्या त्या अभ्यासात एका गटाला 28 व्या आठवड्यापासून रोज पंधरा मिनिटं कुशीवर पडून, बाळ जागं असताना, हालचालींचा जोर आणि स्वभाव न्याहाळायला सांगितलं. मोजायला सांगितलं नाही. जन्मलेल्या बाळांच्या प्रकृतीत ठळक फरक पडला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण सिझेरियन वाढले नाहीत, उलट किंचित घटले. म्हणजे लक्ष दिल्यानं घबराट आणि शस्त्रक्रिया वाढतातच, हा दावा टिकत नाही. नॉर्वेत तर मातांना लेखी माहिती आणि डॉक्टरांना तपासणीचा एकसारखा क्रम दिल्यावर मृत जन्मांचं प्रमाण हजारी 3 वरून 2 वर आलं. ती आधी-नंतरची तुलना आहे, काटेकोर चाचणी नव्हे, म्हणून तिच्यावर सगळा भार टाकता येत नाही. या सगळ्यातून मी एवढाच निष्कर्ष काढतो: अख्ख्या लोकसंख्येला तक्ते वाटून मृत्यू घटतात असं सिद्ध झालेलं नाही, पण ज्या एका बाईला आज बदल जाणवतो आहे, तिनं आजच तपासून घेण्याविरुद्ध एकही पुरावा नाही. पहिला प्रश्न धोरणाचा आहे, दुसरा तिचा.

नेदरलँड्सनं हा विषय स्वतःच्या अनुभवातूनही घासून घेतला आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात युरोपातल्या देशांची तुलना झाली, तेव्हा जन्माच्या आसपासच्या बालमृत्यूंत या श्रीमंत, सुव्यवस्थित देशाचा क्रमांक लाजिरवाणा निघाला. देशभर वाद झाला, सरकारनं नेमलेल्या समितीनं 2009 मध्ये अहवाल दिला, आणि 2010 पासून अशा मृत्यूंची रुग्णालयं आणि मिडवाइफ मिळून देशव्यापी छाननी करू लागले. सुरुवात केली ती पूर्ण दिवस भरलेल्या बाळांपासून, कारण त्यांच्या बाबतीत ‘वेळेत कळलं असतं तर’ हा प्रश्न सगळ्यांत जास्त बोचतो. आपल्या वाचकांना याचा आणखी एका कारणानं संबंध आहे. लंडनमधल्या मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियाई बायकांचं गर्भारपण गोऱ्या बायकांपेक्षा साधारण आठवडाभर आधी पूर्ण होतं असं दिसलं. ऑस्ट्रेलियातल्या नोंदींतही दक्षिण आशियात जन्मलेल्या मातांमध्ये शेवटच्या आठवड्यांतला धोका लवकर वाढतो असं आढळलं. म्हणून 39-40 आठवड्यांची मराठी मुलगी ‘अजून तारीख उलटलेली नाही’ म्हणून हालचालीकडे दुर्लक्ष करत असेल, तर ते तिच्या बाबतीत अधिकच चुकीचं आहे.

फोन कुणाला करायचा याचीही इथे चूक होते. भारतातून आलेल्या कुटुंबाला आधी फॅमिली डॉक्टर आठवतो, पण हे काम त्याचं नाही. प्रत्येक मिडवाइफ प्रॅक्टिसचा तातडीचा नंबर रात्रंदिवस चालू असतो. गर्भारपण रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे असेल तर थेट तिथल्या प्रसूती विभागाला फोन करायचा. ईमेल किंवा अॅपवरचा संदेश नको, तो सकाळपर्यंत कुणी उघडत नाही. इंग्रजी बहुतेकींना येतं, पण डचमध्ये एक वाक्य पाठ असलेलं बरं: ‘इक व्हूल माइन बेबी मिन्डर बेवेखन’, माझं बाळ मला कमी हलताना जाणवतंय. सांगताना आठवडे किती, नेहमीची रीत काय, बदल कधीपासून, पडून पाहिलं असेल तर किती वेळात किती, एवढं क्रमानं सांगावं. आपल्याकडच्या मुली इथे स्वतःच स्वतःची बाजू पडती घेतात: ‘बहुतेक काही नसेल, पण…’ अशी सुरुवात करतात, आणि ऐकणाऱ्याला तो निष्कर्ष वाटतो. ‘बाळ नेहमीसारखं हलत नाहीये, मला आज तपासून घ्यायचंय’ असं सरळ म्हणावं. ‘पॅरासिटामॉल घ्या आणि वाट पाहा’ हा या देशाच्या डॉक्टरांबद्दलचा आपल्या लोकांतला समज या तक्रारीला लागू पडत नाही. 28 आठवड्यांनंतर हालचाल कमी झाल्याचं सांगितलं की त्याच दिवशी तपासणी अपेक्षित असते.

ती तपासणी म्हणजे मुख्यतः सीटीजी. पोटावर दोन पट्टे बांधतात. एक बाळाचे ठोके टिपतो, दुसरा गर्भाशयाचं आकुंचन. अर्धा तास किंवा थोडा अधिक वेळ कागदावर रेघ उमटत राहते. काही भागांत आता मिडवाइफच हे करते, एरवी रुग्णालयात जावं लागतं. ठोके मिनिटाला 110 ते 160 च्या दरम्यान असावेत, रेघ सपाट नसावी, आणि बाळ हललं की ठोके काही क्षण उसळावेत. अशी उसळी दिसली की बाळाला आत्ता प्राणवायू पुरेसा मिळतोय असं धरतात. ‘आत्ता’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. सीटीजी पुढच्या आठवड्याची हमी देत नाही, आणि वार हळूहळू थकत चालली असेल तर रेघ बरेच दिवस चांगली राहू शकते. म्हणून पोटाचं माप वाढत नसेल, बाळ लहान वाटत असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तक्रार दुसऱ्यांदा आली असेल, तर सोनोग्राफीनं वाढ आणि गर्भजल पाहायला हवं. हे आपणहून विचारायला संकोच नको. ग्रोनिंगेनच्या विद्यापीठ रुग्णालयाच्या पुढाकारानं झालेली ‘सेप्रा’ चाचणी याच उणिवेवर होती. दिसायला नेहमीच्या आकाराचं, दिवस भरलेलं बाळ कमी हलतंय, अशा वेळी त्याच्या मेंदूतला आणि नाळेतला रक्तप्रवाह यांचं गुणोत्तर पाहावं, आणि मेंदूकडे रक्त वळवल्याची खूण दिसली तर प्रसूती लवकर करावी, अशी तिची कल्पना. जिथे हे मोजमाप निर्णयासाठी वापरलं, तिथे बाळांची अवस्था काहीशी बरी आढळली. वर सांगितलेल्या काटकसरीचीच ती थेट पाहणी आहे.

तपासणीत सगळं ठीक निघालं की बाई घरी येते, आणि इथेच सगळ्यांत नाजूक काळ सुरू होतो. चार दिवसांनी पुन्हा तसंच वाटलं तर तिला वाटतं, मागच्या वेळीही काही निघालं नव्हतं, त्या लोकांना किती वेळा त्रास द्यायचा. पण वैद्यकीय दृष्टीनं दुसऱ्यांदा आलेली तक्रार पहिलीपेक्षा जड असते. हालचाल कमी झाल्याचं पुन्हा पुन्हा सांगणाऱ्या बायकांमध्ये वाढ खुंटलेली बाळं अधिक सापडतात. त्यामुळे दुसऱ्या फोनमध्ये पहिल्या फोनचा उल्लेख माफी मागण्यासारखा करायचा नाही, माहिती म्हणून करायचा: ‘गुरुवारी सीटीजी चांगला आला होता, आज पुन्हा कमी जाणवतंय, वाढीची सोनोग्राफी 30 आठवड्यांनंतर झालेली नाही.’ गर्भारपण 39 आठवड्यांच्या पुढे गेलेलं असेल, तर पुन्हा पुन्हा मंदावणारी हालचाल हे कळा आणण्याबद्दल बोलायला पुरेसं कारण आहे. त्याआधी प्रसूती करायची की नाही, हे वाढ, गर्भजल आणि सीटीजी एकत्र पाहून डॉक्टर ठरवतात, कारण लवकर जन्मलेल्या बाळालाही श्वासाचे आणि दुधाचे त्रास होऊ शकतात.